मेंटेनन्सची केआरए शीट: टक्केवारीच्या आधी लॉगबुक उघडा

प्रश्न: भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपच्या मेंटेनन्स विभागाचा मी प्रमुख आहे. 14 सीएनसी आणि व्हीएमसी, दोन पाळ्या, गुरुवारी सुटी, हाताखाली सहा माणसे. दर एप्रिलला केआरए शीट भरतो. गेल्या वर्षी तिच्यात 11 मुद्दे होते. सही झाल्यावर शीट उघडली ती थेट मार्चमध्ये. ब्रेकडाऊनचे तास एप्रिल ते मार्च असे आहेत: 118, 141, 133, 166, 124, 98, 110, 136, 120, 148, 103, 115. एकूण 1512, त्यातले 830 चार जुन्या व्हीएमसींचे. साहेब म्हणतात, यंदा 30 टक्के कमी करा. बराच वेळ स्पेअरची वाट बघण्यात जातो आणि खरेदी माझ्या हातात नाही. पोरांना वाटते, हे सगळे इन्क्रिमेंट कापायला चालले आहे. 20 एप्रिलपर्यंत शीट द्यायची आहे. कशी लिहू?

उत्तर:

नमस्कार. तुम्ही बारा महिन्यांचे आकडे पाठवलेत हे फार बरे झाले, कारण निम्मी शीट त्यांतूनच निघते. 30 टक्क्यांचा विषय थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी हे आकडे काय सांगतात ते बघा.

महिन्याची सरासरी 126 तास येते. आता समजा गेल्या वर्षी तुम्ही शीटवर लिहिले असते, "ब्रेकडाऊन महिन्याला 105 तासांच्या आत." मग सप्टेंबर (98) आणि फेब्रुवारी (103) या दोन महिन्यांत तुमच्या टीमचे कौतुक झाले असते आणि जुलैत (166) सगळ्यांना उभे केले असते. पण सप्टेंबरात तुमच्या माणसांनी जुलैपेक्षा वेगळे असे काय केले होते? बहुधा काहीच नाही. बिघाडाचे तास आपल्या गतीने खालीवर होतच असतात. हा चढउतार किती मोठा आहे हे न मोजता लिहिलेले मासिक टार्गेट म्हणजे नाणेफेक ठरते, आणि माणसांना ते दोन-तीन महिन्यांत कळते. शीट मार्चपर्यंत बंद राहते त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

चढउतार मोजायची रीत साधी आहे आणि तुमच्या क्वालिटीवाल्यांना ती तोंडपाठ असेल, कारण ते तीच जॉबच्या मापांसाठी वापरतात. वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये मांडलेल्या कंट्रोल चार्टचाच तो एक प्रकार. लागोपाठच्या दोन महिन्यांतला फरक काढा: एप्रिल-मे 23, मे-जून 8, जून-जुलै 33, असे अकरा फरक. त्यांची सरासरी 24.6 येते. तिला 2.66 ने गुणा, साधारण 65. हे 65 सरासरीत मिळवले की वरची हद्द 191, वजा केले की खालची हद्द 61. म्हणजे मशीन तीच, माणसे तीच आणि पद्धतही तीच राहिली, तर एखादा महिना 61 ते 191 मध्ये कुठेही पडू शकतो. जुलैच्या 166 ला पावसाळ्याचे कारण चिकटवण्याचा मोह होईल. पॅनेलमध्ये ओल धरते हे खरेच आहे, पण एका वर्षाच्या एका आकड्यावरून तसे म्हणता येत नाही. पुढच्या जुलैतही तोच महिना सर्वांत वर आला तर विचार करा.

तिमाहीची सरासरी घेतली की हा गोंधळ बराच शमतो. तुमच्या चार तिमाह्या 131, 129, 122, 122 अशा आहेत. म्हणून शीटवरचे टार्गेट मासिक नको. वर्षाचा एकूण आकडा लिहा आणि त्याशेजारी शेवटच्या तिमाहीची सरासरी लिहा. हे दोन वेगळे आकडे का लागतात ते पुढे येईलच.

पण त्याआधी "ब्रेकडाऊनचा तास" म्हणजे काय हे लिहून ठेवावे लागेल. हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक शीट इथेच फसतात. एक प्रसंग घ्या. बुधवारी रात्री 10 वाजता व्हीएमसी बंद पडली. दुसरी पाळी 12 ला सुटते. गुरुवारी सुटी. शुक्रवारी सकाळी 11 ला मशीन सुरू झाली. घड्याळाने मोजले तर 37 तास. फक्त चालू पाळीचे तास धरले तर बुधवारचे 2 आणि शुक्रवारी 7 ते 11 चे 4, मिळून 6. एकाच बिघाडाचे दोन आकडे, आणि दोन्ही खरे. लॉगबुक भरणारा कधी एक रीत धरतो, कधी दुसरी. अशा चार-पाच नोंदींनी तुमच्या महिन्याचा आकडा शंभर तासांनी हलू शकतो आणि त्याचा मशीनशी काहीही संबंध नसतो.

आमचे मत असे की फक्त नियोजित पाळीचे तास धरावेत, कारण उत्पादनाचे नुकसान तेवढेच होते. घड्याळ सुरू होते ते ऑपरेटरने कळवल्याच्या वेळी, मेंटेनन्सचा माणूस पोचल्यावर नव्हे. थांबते ते पहिला जॉब क्वालिटीने पास केल्यावर; "मशीन दिली" या शेऱ्यावर नव्हे, कारण दिलेली मशीन अर्ध्या तासात पुन्हा बंद पडते. दहा मिनिटांच्या आतले थांबे या आकड्यात येत नाहीत, पण त्यांची संख्या वेगळी मोजा. टूल बदलणे, सेटिंग आणि नियोजित पीएम यात नाही. महावितरणचा पुरवठा गेला तर ती वेगळी ओळ. वीज परत आल्यावर ड्राइव्हचा अलार्म न गेल्याने मशीन उभी राहिली, तर तो बिघाड तुमचा, वीज आल्याच्या वेळेपासून.

ही व्याख्या पाच-सहा ओळींत शीटवरच छापा आणि दोन्ही पाळ्यांच्या प्रॉडक्शन सुपरवायझरची त्यावर सही घ्या. मग गेल्या वर्षाच्या लॉगबुकमधले निदान तीन महिने या व्याख्येने पुन्हा मोजून बघा. 1512 हा आकडा बदलला तर बदलू द्या. नवीन आकडा हीच तुमची आधाररेषा. जुन्या रीतीची आधाररेषा आणि नव्या रीतीचे मोजमाप एकत्र आले की वर्षअखेरीस सुधारणा झाली की व्याख्या बदलली, हे कुणालाच सांगता येत नाही. इथून पुढे आम्ही 1512 च धरतो. तुम्ही तुमचा आकडा घाला.

आता साहेबांचे 30 टक्के. 1512 चे 30 टक्के म्हणजे 454 तास. प्रश्न एवढाच: हे तास कुठल्या खिशातून काढायचे? चार जुन्या मशीनचे 830 तास घ्या आणि लॉगबुकमधली प्रत्येक मोठी नोंद तुकड्यांत मोडा: कळवल्यापासून माणूस पोचेपर्यंत, दोष सापडेपर्यंत, स्पेअर हातात येईपर्यंत, दुरुस्ती आणि चाचणी. नोंदीत एवढा तपशील नसेल तर ज्याने काम केले त्याला विचारा. मोठे बिघाड माणसांच्या लक्षात असतात. समजा वर्गवारी अशी निघाली: 340 तास स्पेअरची वाट, 210 तास कूलंट, वंगण आणि हायड्रॉलिकच्या तक्रारी, बाकी 280 किरकोळ आणि विखुरलेले.

340 पैकी जे भाग वर्षात दोनदा किंवा जास्त वेळा लागले, तेच आधीपासून कपाटात ठेवण्यात अर्थ आहे. प्रॉक्सिमिटी स्विच, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, कूलंट पंपाचे सील, वंगणाचा पंप, एन्कोडरची केबल, वे-कव्हरचे वायपर. अशी दहा-बारा नावे निघतील. स्पिंडलचे बेअरिंग या यादीत घालू नका. ते महाग असते, वर्षानुवर्षे पडून राहते, आणि बसवायला पुरवठादाराचा माणूस लागतोच. या यादीने 340 तले 180 तास वाचतील असे धरू. वंगण-कूलंटच्या 210 पैकी नीट पीएमने निम्मे, म्हणजे 105. बेरीज 285. हे झाले 19 टक्के.

आणि इथेच सर्वांत जास्त चुकणारा हिशेब येतो. 285 ही पूर्ण वर्षाची बचत आहे. स्पेअर कपाटात यायला जून उजाडणार, पीएमची नवीन यादी बसायलाही तेवढाच वेळ. म्हणजे या वर्षात बचतीला नऊच महिने मिळतात, साधारण 214 तास. पहिली तिमाही जुन्याच गतीने गेली, 126 च्या हिशेबाने 378, आणि पुढचे नऊ महिने 102 च्या गतीने, 918. एकूण 1296. म्हणून शीटवर लिहा: वर्षाचे एकूण 1300 च्या आत, आणि जानेवारी ते मार्चची सरासरी 102 च्या आत. पहिला आकडा वर्षाचा हिशेब देतो, दुसरा सांगतो की वर्ष संपताना तुम्ही कुठे पोचलात. नुसता पहिला लिहिला तर जूनपर्यंतच्या दिरंगाईचे खापर मार्चमध्ये टीमवर फुटते.

साहेबांना 30 टक्के नाकारायचे नाहीत, त्याची किंमत दाखवायची आहे. 454 उणे 285 म्हणजे 169 तास उरतात, आणि ते पैसे खर्च केल्याशिवाय येणार नाहीत: चारपैकी सर्वांत वाईट दोन मशीनचे बॉलस्क्रू किंवा स्पिंडल नवे करणे, नाहीतर एखादी मशीन बदलणे. ही वेगळी ओळ करा आणि तिच्यापुढे अट लिहा: "30 जूनपर्यंत मंजुरी मिळाल्यास ऑक्टोबरच्या आढाव्यात लक्ष्य नव्याने ठरेल." दोन मशीनची कोटेशन सोबत जोडा. कारणांशी जोडलेला 19 टक्क्यांचा कागद आणि 30 साठीचा खर्च दोन्ही समोर असले की बोलणे टक्केवारीवरून निर्णयावर येते.

आता आढाव्याकडे वळू. 126 वरून 102 वर येणे ही चांगली घट आहे, पण महिन्याचा चढउतार 65 तासांचा असताना ती एका-दोन महिन्यांत दिसत नाही. सप्टेंबरात 130 आले तरी कदाचित सगळे ठीक असेल. 90 आले तरी कदाचित काहीच झालेले नसेल. सलग आठ महिने 126 च्या खाली राहिले तर बदल खरा मानायचा, असा एक नियम आहे. तो जुलैपासून मोजला तर फेब्रुवारी उजाडतो. मग ऑक्टोबरच्या आढाव्यात बघायचे काय? म्हणूनच ब्रेकडाऊनच्या तासांबरोबर कामाची मापे लागतात, म्हणजे टीमने स्वतः केलेले आणि त्याच महिन्यात मोजता येणारे काम. अशी दोनच घ्या.

पहिले माप: चार जुन्या मशीनची मासिक पीएम. चार मशीन, बारा महिने, म्हणजे 48. ठरल्या तारखेच्या तीन दिवस मागेपुढे झाल्या तरच धरायच्या, लक्ष्य 44. या मापाचा मोठा रोग म्हणजे चेकलिस्टवरच्या टिकमार्का. पाळी संपताना वीस खुणा एकाच पेनाने, एकाच दमात झालेल्या दिसल्या की ओळखा. उपाय असा की खुणेऐवजी आकडा मागा. "कूलंट तपासले" नको, "रिफ्रॅक्टोमीटरचे वाचन किती" हवे. "वंगण भरले" नको, "किती लिटर घातले" हवे. वंगणाचा खप एकदम घटला तर नळी तुंबली असेल. वाढला तर कुठेतरी गळती असेल. खूण हे कधीच सांगू शकत नाही. शिवाय दर महिन्याला चारपैकी एका मशीनची पीएम दुसऱ्या पाळीच्या माणसाने उलट तपासावी.

दुसरे माप: स्पेअरचे कपाट. दहा-बारा भागांची यादी, प्रत्येकाची किमान संख्या, आणि महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मोजणी. संगणकातला साठा धरू नका, कपाट उघडून मोजा. किमानपेक्षा खाली गेलेले भाग किती, हेच माप, लक्ष्य शून्य. खरेदी तुमच्या हातात नाही, म्हणून ही ओळ एकट्याच्या नावावर घेऊ नका. मागणी दोन दिवसांत टाकणे तुमचे, भाग ठरल्या दिवसांत आणणे खरेदीचे, असे दोन भाग करा आणि खरेदीप्रमुखांचे नाव त्यांच्यासमोर लिहा. ते म्हणतील, आमच्या शीटवर हे नाही. तुमची कंपनी वाहन कंपन्यांना माल पुरवत असेल तर बहुधा आयएटीएफ 16949 चे प्रमाणपत्र असेल. 2016 च्या आवृत्तीतले 8.5.1.5 हे कलम त्यांच्यासमोर ठेवा. टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्सच्या त्या कलमात बदली भागांची उपलब्धता हवी असे म्हटले आहे, मेंटेनन्सची उद्दिष्टे लेखी हवीत असेही, आणि त्यांची कामगिरी व्यवस्थापनाच्या आढाव्यात जायला हवी हेही. म्हणजे हा तुमचा हट्ट नाही. ऑडिटर हे विचारणारच आहे.

दोन मापांवर एक पहारेकरी ठेवा. तास कमी करायचे म्हटले की माणसे घाईने मशीन सुरू करून देतात. त्यामुळे त्याच मशीनवर तोच दोष सात दिवसांत पुन्हा आला तर तो वेगळा मोजा. तास घटले आणि हे पुन्हा-बिघाड वाढले, तर ती सुधारणा नाही. नियोजित पीएमचे एकूण तासही नोंदत राहा, कारण बिघाडाला "पीएम" म्हणून लपवणे सर्वांत सोपे असते.

इन्क्रिमेंटची भीती तुमच्या माणसांना वाटते ती अगदी रास्त आहे, आणि तिची किंमत तुम्हालाच मोजावी लागते. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी 1975 मध्ये पतधोरणाच्या संदर्भात दाखवून दिले होते की एखाद्या आकड्याचा वापर नियंत्रणासाठी सुरू झाला की त्याचा आधीचा भरवसा उरत नाही. शॉप फ्लोअरवर हे फार लवकर दिसते. ब्रेकडाऊनचे तास पगाराला जोडले की लॉगबुक खोटे बोलू लागते. कसे कळते? अर्ध्या तासाच्या आतल्या नोंदी हळूहळू नाहीशा होतात. वेळा 10:00, 10:30 अशा गोल येऊ लागतात. आणि मेंटेनन्सचे तास प्रॉडक्शनच्या लॉस टाइम रिपोर्टपेक्षा कमी पडू लागतात. हे दोन आकडे दर महिन्याला शेजारी ठेवा. फरक 10 टक्क्यांवर गेला तर नोंदी एकेक करून जुळवा.

त्यामुळे शीटवर स्पष्ट लिहून घ्या की ब्रेकडाऊनचे तास हा पूर्ण टीमचा आकडा आहे आणि कुणाचेही वैयक्तिक मूल्यमापन त्यावर होणार नाही. प्रत्येकाचे मूल्यमापन त्याच्या हातातल्या गोष्टींवर: त्याच्या मशीनच्या पीएम वेळेत झाल्या का, वाचने खरी निघाली का, ठरलेले काम तो शिकला का. साहेब आणि एचआर हे मान्य करतील का, हे 20 तारखेच्या आधीच विचारा. नाही म्हणाले तर निदान टीमला तसे खरे सांगा. आश्वासन देऊन मार्चमध्ये ते मोडले की पुढची पाच वर्षे कुणी खरी नोंद करत नाही.

आढाव्याच्या तारखा आजच ठरवा आणि शीटवर छापा. दर महिन्याचा दुसरा शुक्रवार, पाळी बदलताना, वीस मिनिटे: फक्त पीएम, कपाट आणि पुन्हा-बिघाड. तास फळ्यावर लिहायचे, पण 61 ते 191 च्या बाहेर गेल्याशिवाय त्यांवर चर्चा करायची नाही. जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत तिमाही आढावा, एक तास, साहेब आणि खरेदीप्रमुखांसह. पालखी, गणपती आणि दिवाळीचा आठवडा कुठे येतो ते पंचांगात बघून तारीख धरा, कारण एकदा पुढे ढकललेला आढावा सहसा होतच नाही. साहेबांना वेळ नसेल तर त्यांच्या जागी कोण निर्णय घेईल त्याचेही नाव लिहा.

तिमाही आढाव्यात काय झाले तर काय करायचे, हे एप्रिलमध्येच लिहायचे. त्या दिवशी ठरवायला बसलात की तास सबबींत जातो. जुलैत: कपाटातले तीनपेक्षा जास्त भाग अजून आले नसतील, तर 1300 चे लक्ष्य तेवढ्या उशिराच्या हिशेबाने बदलेल आणि बदलाच्या नोंदीवर खरेदीची सही येईल. ऑक्टोबरात: पीएम आणि कपाट दोन्ही वेळेवर आहेत, तरी जुलै ते सप्टेंबरची सरासरी 122 च्या खाली आली नाही, तर आपले कारणच चुकले आहे असे धरून त्या तिमाहीचे पाच सर्वांत लांब बिघाड पुन्हा उघडायचे. पीएमच झाल्या नसतील तर तासांवर बोलण्यात अर्थ नाही. पीएम का होत नाहीत ते बघायचे, आणि बहुधा उत्तर मिळेल की प्रॉडक्शन मशीन सोडत नाही. तो निर्णय साहेबांचा आहे, म्हणून ते खोलीत हवेत. जानेवारीत पुढच्या वर्षाची आधाररेषा काढायला सुरुवात.

लक्ष्य बदलावे लागले तर जुना आकडा खोडू नका, रेघ मारून शेजारी नवा लिहा; तारीख, कारण आणि मान्यता देणाऱ्याचे नाव. मशीन वाढली, व्याख्या बदलली किंवा मंजूर पैसे आले नाहीत, ही बदलाची कारणे आहेत. "अवघड जातेय" हे कारण नाही.

हे सगळे एका उद्दिष्टासाठी एका पानावर मावते. तुमचे पहिले पान साधारण असे होईल:

उद्दिष्ट: चार जुन्या व्हीएमसींमुळे दोन्ही पाळ्यांचे नियोजन कोलमडू नये.
माप: ब्रेकडाऊनचे तास, सर्व 14 मशीन (व्याख्या मागच्या पानावर).
आधाररेषा: 1512; महिन्याची सरासरी 126, नेहमीची हद्द 61 ते 191.
लक्ष्य: वर्षाचे एकूण 1300 च्या आत, जानेवारी ते मार्च सरासरी 102 च्या आत.
कामाची मापे: पीएम 48 पैकी 44 वेळेत, किमानपेक्षा खाली गेलेले स्पेअर शून्य.
पहारा: सात दिवसांतले पुन्हा-बिघाड, गेल्या वर्षीच्या संख्येपेक्षा जास्त नाहीत.
जबाबदार: मेंटेनन्स प्रमुख, स्पेअरसाठी खरेदीप्रमुखही.
आकडा कोठून: लॉगबुक, महिन्याच्या 5 तारखेपर्यंत लॉस टाइम रिपोर्टशी जुळवून.
आढावा: दर महिन्याचा दुसरा शुक्रवार, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीत तिमाही.
बदलांची नोंद: रिकामी जागा, पाच ओळी.

असली दोन पाने अजून करा, त्याहून जास्त नको. सहा माणसांत तीन उद्दिष्टे पुरतात. एक हवेच्या गळतीचे ठेवता येईल, कारण कॉम्प्रेसरचे वीजबिल तुम्हाला मोजून मिळते. दुसरे कौशल्याचे: प्रत्येक पाळीत ड्राइव्ह आणि पॅनेलचे दोष काढू शकणारा निदान एक माणूस, म्हणजे एकजण रजेवर गेला की मशीन दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणार नाही. उरलेले आठ मुद्दे, म्हणजे फाइव्ह एस, सुरक्षा बैठक, अग्निशामक तपासणी वगैरे, वाईट नाहीत. पण ती रोजची कामे आहेत. त्यांची यादी नोटीस बोर्डावर असू द्या, केआरए शीटवर नको.

20 तारखेच्या आधी तीन कामे या क्रमाने करा. तीन महिन्यांचे लॉगबुक नव्या व्याख्येने मोजा. त्याला एका माणसाचे दोन दिवस लागतील. मग वर्षात दोनदा लागलेल्या भागांची यादी घेऊन खरेदीप्रमुखांकडे जा आणि प्रत्येक भाग यायला किती दिवस लागतात ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. भागाची किमान संख्या त्या दिवसांवरूनच ठरते. शेवटी साहेबांकडे जा. तिसरे काम आधी केलेत तर 30 चा आकडा शीटवर चढेल आणि बाकीची दोन कामे राहून जातील.